पारा थांबतो, घड्याळ चालतं

उणे २० अंश सेल्सिअसचा बर्फ घेतला, त्याला सतत एकाच दराने उष्णता देत राहिलो, आणि बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ होऊन ती वाफ १२० अंशांपर्यंत तापेपर्यंत थांबलो, तर या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ कशात जाईल? हा प्रश्न विचारला की बहुतेक उत्तरं येतात ती ‘पाणी तापायला’ अशी. शून्यापासून शंभरापर्यंतचा टप्पा मोठा दिसतो, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण खरं उत्तर वेगळं आहे. एकूण वेळातला जवळजवळ तीन चतुर्थांश वेळ अशा एका टप्प्यात जातो, ज्यात तापमान एक अंशानेही वाढत नाही. आजचं चिंतन या न वाढणाऱ्या तापमानाबद्दल आहे.

दहावीच्या विज्ञानात हा तापमान-काल आलेख सगळ्यांनी पाहिलेला असतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. रेषा आधी चढते, मग आडवी होते, पुन्हा चढते, पुन्हा आडवी होते आणि शेवटी परत चढते. चढत्या तुकड्यांत पदार्थ तापतो. आडव्या तुकड्यांत तो अवस्था बदलतो, म्हणजे बर्फाचं पाणी होतं किंवा पाण्याची वाफ होते. आलेखाचा आकार लक्षात राहतो. मात्र प्रत्येक तुकडा किती लांब, हे फारसं कोणी विचारत नाही, आणि सगळा अर्थ तर त्या लांबीतच आहे.

उष्णता एकाच दराने देणं या अटीचं महत्त्व इथे कळतं. दर सेकंदाला सारखेच ज्यूल मिळत असतील, तर किती सेकंद गेले यावरून किती उष्णता गेली हे थेट सांगता येतं. आडवा अक्ष मग नुसता वेळेचा राहत नाही, तो दिलेल्या उष्णतेचाही होतो. थर्मामीटर पदार्थ किती गरम आहे एवढंच सांगतो. त्याने किती उष्णता घेतली हे घड्याळ सांगतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे माणसाला कळायला बराच काळ लागला.

प्रत्यक्ष हिशोब करू. अर्धा किलो बर्फ घेऊ आणि त्याला ५०० वॅटने उष्णता देऊ. हे आकडे मुद्दाम निवडले आहेत. ५०० वॅट म्हणजे सेकंदाला ५०० ज्यूल, आणि बर्फ ५०० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला दर सेकंदाला बरोबर एक ज्यूल येतो. त्यामुळे एका ग्रॅमला एखाद्या टप्प्यासाठी जितके ज्यूल लागतात, तितकेच सेकंद तो टप्पा चालतो. वेगळा भागाकार करायची गरजच उरत नाही. तूर्तास असं धरू की भांडं स्वतः काही उष्णता घेत नाही आणि बाहेरही काही निसटत नाही. ही सूट किती खरी, ते पुढे बघू.

पहिला टप्पा, उणे २० अंशांचा बर्फ शून्य अंशावर आणण्याचा. एक ग्रॅम बर्फ एक अंशाने तापवायला सुमारे २.१ ज्यूल लागतात. यालाच पुस्तकात बर्फाची विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. २० अंशांसाठी २.१ गुणिले २०, म्हणजे ४२ ज्यूल. अर्थात ४२ सेकंद. पाऊण मिनिटाच्या आतच बर्फ शून्यावर येऊन उभा राहतो.

दुसरा टप्पा वितळण्याचा. शून्य अंशाच्या एका ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ३३४ ज्यूल लागतात. हा वितळणाचा अप्रकट उष्मा. म्हणजे ३३४ सेकंद, साडेपाच मिनिटांहून थोडं जास्त. या सगळ्या वेळात उष्णता तेवढ्याच जोमाने आत जात असते आणि पारा शून्यावरच असतो. रिक्षा सिग्नलला उभी राहिली तरी मीटर वेटिंगचे पैसे मोजतच राहतं, तसंच हे आहे. अंतर वाढत नाही म्हणून खर्च थांबलेला नसतो.

ही उष्णता जाते कुठे? बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडलेला असतो. त्यातून एक मोकळी, जाळीसारखी रचना तयार होते. शून्य अंशावर येणारा प्रत्येक ज्यूल ही रचना सैल करण्यात खर्च होतो. रेणूंची सरासरी गती वाढत नाही. तापमान म्हणजे त्या गतीचंच माप, म्हणून तेही वाढत नाही. उष्णता वाया गेलेली नसते. ती पाण्याच्या बदललेल्या अवस्थेत साठलेली असते, आणि पाणी पुन्हा गोठवलं की तेवढीच्या तेवढी बाहेर येते.

हा टप्पा प्रयोगशाळेत बघताना एक गोष्ट नेहमी चुकते. काचेच्या चंचुपात्रात बर्फाचे मोठे खडे आहेत, खालून आच लागते आहे आणि थर्मामीटर खाली जमलेल्या पाण्यात बुडवलेला आहे, अशी मांडणी असली तर पारा शून्यावर थांबत नाही. वर बर्फ तरंगत असतानाच तो दोन, चार, सहा अंश दाखवायला लागतो. त्यामागे कारण आहे. चार अंशांचं पाणी शून्य अंशाच्या पाण्यापेक्षा जड असतं. ते तळाशी बसतं आणि वरच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही. शिवाय आच तळालाच लागत असते. थर्मामीटर तेव्हा बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणाचं तापमान सांगत नसतो, तळच्या पाण्याचं सांगत असतो. यावर उपाय साधा आहे. बर्फ बारीक कुटून घ्यायचा, सतत ढवळत राहायचं आणि थर्मामीटरचा फुगा बर्फाच्या चुऱ्यात मधोमध ठेवायचा. मग रेषा खरोखर आडवी येते. ती तिरकी आलीच, तर दोष बहुधा ढवळण्यात असतो.

तिसरा टप्पा शून्यापासून शंभर अंशांपर्यंत पाणी तापवण्याचा. एक ग्रॅम पाण्याला एका अंशासाठी सुमारे ४.२ ज्यूल लागतात, म्हणजे बर्फाच्या दुप्पट. १०० अंशांसाठी ४२० ज्यूल, म्हणून ४२० सेकंद, बरोबर सात मिनिटं. पदार्थ तोच आणि आचही तीच, तरी पाण्याची रेषा बर्फाच्या रेषेच्या निम्म्याच चढाची असते, ते या दुपटीमुळे. बर्फ सेकंदाला जवळजवळ अर्धा अंश वर जात होता. पाणी जेमतेम पाव अंश जातं. रेषा जितकी कमी चढाची, तितका तो पदार्थ एका अंशासाठी जास्त उष्णता मागतो. आलेखावरचा चढ असा वाचायचा.

चौथा टप्पा उकळण्याचा. शंभर अंशांच्या एका ग्रॅम पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात. म्हणजे २,२६० सेकंद, जवळजवळ ३८ मिनिटं. आधीच्या तिन्ही टप्प्यांना मिळून लागली ती १३ मिनिटं आणि काही सेकंद. हा एकटा टप्पा त्यांच्या बेरजेच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि या सगळ्या वेळात पारा शंभरावरून हलत नाही.

वितळणं साडेपाच मिनिटांत आटोपतं, मग वाफ व्हायला इतका वेळ का? वितळताना रेणू एकमेकांना सोडत नाहीत. त्यांची शिस्तबद्ध मांडणी मोडते, पण ते लगटूनच राहतात. म्हणून तर पाणी भांड्यात राहतं, हवेत पसरत नाही. वाफ होताना मात्र प्रत्येक रेणूला बाकीच्यांपासून पूर्ण सुटावं लागतं. उरलेले सगळे बंध तुटावे लागतात. त्यात आणखी एक खर्च असतो, जो सहसा सांगितला जात नाही. एक ग्रॅम पाणी एक घन सेंटीमीटर जागा घेतं. त्याची शंभर अंशांची वाफ सुमारे १,६७० घन सेंटीमीटर जागा घेते. एवढी जागा मिळवायची, तर भोवतालची हवा बाजूला ढकलावी लागते. हवेच्या दाबाविरुद्धच्या या ढकलण्यात ग्रॅममागे सुमारे १७० ज्यूल जातात. आपल्या ३८ मिनिटांपैकी जवळजवळ तीन मिनिटं अशी निव्वळ हवा हटवण्यात जातात. बाकीची सगळी रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात.

पाचवा टप्पा वाफ शंभरापासून १२० अंशांपर्यंत तापवण्याचा. वाफेला एका अंशासाठी ग्रॅममागे सुमारे २ ज्यूल लागतात. २० अंशांसाठी ४० ज्यूल, म्हणजे ४० सेकंद. पुस्तकातलं गणित हा टप्पा सहज लिहून टाकतं. पण स्वयंपाकघरातल्या उघड्या पातेल्यात तो होतच नाही, कारण तयार झालेली वाफ कधीच निघून गेलेली असते. तो टप्पा हवा असेल, तर सगळी वाफ कोंडून ठेवणारं आणि तरीही दाब न वाढू देता आपोआप पसरणारं भांडं लागतं, म्हणजे सहज सरकणारा दट्ट्या असलेलं नळकांडं. गणितात ‘स्थिर दाबाला’ असे दोन शब्द असतात, ते याचसाठी.

आता बेरीज. ४२, ३३४, ४२०, २,२६० आणि ४०. एकूण ३,०९६ सेकंद, म्हणजे सुमारे ५१ मिनिटं ३६ सेकंद. यात तापमान वाढत होतं असा वेळ फक्त ५०२ सेकंद, साडेआठ मिनिटांच्या आत. उरलेल्या ४३ मिनिटांत थर्मामीटरकडे बघणाऱ्याला काहीच घडताना दिसलं नसतं.

इथेच ती नेहमीची चूक कळते. उणे २० पासून १२० पर्यंत तापमान वाढलं, म्हणून वस्तुमान, उष्माधारकता आणि तापमानवाढ यांचा एकच गुणाकार करून मोकळं व्हायचं. असं करणाऱ्याला दहा मिनिटांच्या आसपासचं उत्तर मिळतं. उष्माधारकता प्रत्येक अवस्थेची वेगवेगळी घेतली तरी साडेआठ मिनिटंच येतात. खरं उत्तर त्याच्या सहापट आहे. चूक किरकोळ आकडेमोडीची नाही. तापमान वाढत नसेल तर उष्णताही लागत नसणार, या समजुतीची ती चूक आहे. म्हणून असं उदाहरण सोडवायला बसलं की सूत्र लिहिण्याआधी सुरुवातीच्या आणि शेवटच्या तापमानाच्या मध्ये शून्य आणि शंभर हे दोन आकडे येतात का, ते बघावं. जितके येतील तितके आडवे टप्पे वेगळे मांडावे लागतात.

उत्तर बरोबर आहे का, हे तपासायची एक सोपी खूणही आहे. उकळण्याच्या वेळाला शून्य ते शंभर तापण्याच्या वेळाने भागलं, तर सुमारे ५.४ यायला हवेत. वितळण्याच्या वेळाला त्याच वेळाने भागलं, तर सुमारे ०.८. बर्फ किती आणि आच किती, यावर ही गुणोत्तरं अवलंबून नाहीत. पाव किलो घ्या नाहीतर पाच किलो, ३०० वॅट द्या नाहीतर दोन हजार, मिनिटं बदलतील, गुणोत्तरं तीच राहतील. ती पाण्याचीच आहेत. कोणी सोडवलेल्या उदाहरणात उकळण्याचा वेळ तापण्याच्या वेळापेक्षा कमी आला असेल, तर कुठेतरी ग्रॅम आणि किलोग्रॅम किंवा ज्यूल आणि किलोज्यूल यांची गल्लत झाली आहे, हे पुढचं न वाचताही सांगता येतं.

या गुणोत्तरांचा शोध लागला तोही घड्याळाच्याच आधाराने. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांचीही अशीच समजूत होती की बर्फ वितळण्याच्या बिंदूवर आला की थोडीशीच उष्णता पुरते आणि तो लगेच पाणी होतो. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांना हे पटेना. त्यांचा मुद्दा अगदी साधा होता. तसं असतं, तर हिवाळा संपता संपता हवा जराशी तापताच डोंगरांवरचं सगळं बर्फ एकदम वितळून भयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात बर्फ आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळत राहतं. म्हणजे ते गुपचूप पुष्कळ उष्णता घेत असलं पाहिजे.

१७६१ च्या सुमारास ब्लॅक यांनी काचेचे दोन सारखे गोल चंबू घेतले आणि दोन्हींत सारखंच, प्रत्येकी पाच औंस पाणी घातलं. एकातलं पाणी गोठवून बर्फ केलं. दुसऱ्यातलं गोठू न देता जवळजवळ तितकंच थंड, ३३ अंश फॅरेनहाइटपर्यंत आणलं. मग दोन्ही चंबू एका मोठ्या, निवांत दालनात टांगून ठेवले. दालनाची हवा ४७ अंश फॅरेनहाइट होती. तिथे शेगडी नव्हती, आच नव्हती. उष्णता द्यायला फक्त दालनातली हवा होती. दोन्ही चंबू सारखे आणि सुरुवातीला जवळजवळ सारखेच थंड, म्हणून दोघांनाही सारख्याच दराने उष्णता मिळणार, हा त्या मांडणीचा गाभा.

पाण्याचा चंबू अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंशांवर आला. अर्ध्या तासाला सात अंश. बर्फाच्या चंबूतला बर्फ वितळून ते पाणी ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले. साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. दर अर्ध्या तासाला सात अंशांइतकी उष्णता, म्हणजे एकूण १४७ अंशांइतकी. त्यातले आठ अंश ३२ पासून ४० पर्यंत चढण्यात दिसले. उरलेल्या १३९ अंशांइतक्या उष्णतेचा थर्मामीटरवर मागमूसही नव्हता. ब्लॅक यांनी तिला अप्रकट उष्णता म्हटलं. सेल्सिअसमध्ये ते सुमारे ७७ अंश होतात. आजचा आकडा ८० च्या आसपास आहे. काचेचे दोन चंबू, थर्मामीटर आणि घड्याळ एवढ्याच सामग्रीवर ते आजच्या आकड्याच्या इतक्या जवळ पोचले.

वाफेसाठी त्यांनी १७६२ मध्ये पत्र्याची सपाट तळाची भांडी तापून लाल झालेल्या लोखंडी तव्यासारख्या पत्र्यावर ठेवली. ५० अंश फॅरेनहाइटचं पाणी चार मिनिटांत उकळू लागलं आणि पुढच्या वीस मिनिटांत सगळं उडून गेलं. चार मिनिटांत १६२ अंश, म्हणजे मिनिटाला साधारण साडेचाळीस. वीस मिनिटांत ८१० अंशांइतकी उष्णता, तीही तापमान न वाढवता. आजचा आकडा सुमारे ९७० आहे, म्हणजे खरं तर वीसऐवजी चोवीस मिनिटं लागायला हवी होती. खळखळून उकळताना पाण्याचे थेंब वाफेबरोबर उडून बाहेर पडतात. ते वाफ न होताच भांडं सोडतात, आणि भांडं लवकर रिकामं होतं. असे प्रयोग करणाऱ्याला हा धोका आजही टाळावा लागतो. तरीही मुख्य गोष्ट निर्विवाद झाली होती. पाणी उकळीला आणायला लागते त्याच्या कितीतरी पट उष्णता ते उडवून लावायला लागते.

त्याच विद्यापीठात जेम्स वॉट उपकरणं दुरुस्त करण्याचं काम करत होते. न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचं एक छोटं प्रारूप त्यांच्याकडे दुरुस्तीला आलं होतं आणि ते वाफ भराभर खात होतं. वॉट यांना प्रयोगात आढळलं की थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली, तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीपर्यंत तापवते. त्यांना याचं नवल वाटलं. त्यांनी ब्लॅक यांना विचारलं, आणि ब्लॅक यांनी अप्रकट उष्णतेचा विचार समजावून सांगितला. आपल्या हिशोबातला ५.४ हा आकडा शून्य अंशापासूनचा आहे. विहिरीच्या पाण्यासारख्या दहा अंशांच्या पाण्यापासून मोजलं, तर तो सहाच्या जवळ येतो. वॉट यांना मिळालेली सहापट ती हीच.

आता सुरुवातीला घेतलेल्या सवलतीकडे येऊ. प्रत्यक्षात भांडंही तापतं. स्टीलचं ४०० ग्रॅमचं पातेलं एका अंशासाठी सुमारे २०० ज्यूल घेतं. त्यात अर्धा किलो पाणी असेल, तर ते २,१०० ज्यूल घेतं. म्हणजे शून्य ते शंभर तापताना भांडं जवळजवळ दहा टक्के वाढीव उष्णता खातं आणि सात मिनिटांना आणखी ४० सेकंद जोडावे लागतात. आडव्या टप्प्यात मात्र भांड्याचा खर्च शून्य, कारण त्याचंही तापमान तिथे बदलत नसतं. अप्रकट उष्मा मोजायचा असेल, तर भांड्याची चिंता आडव्या टप्प्यात करावी लागत नाही, हा त्या टप्प्याचा मोठा फायदा आहे.

पण बाहेर निसटणारी उष्णता आडव्या टप्प्यातही निसटतच राहते. समजा, शंभर अंशांचं भांडं खोलीला १०० वॅट देऊन टाकत आहे. मग पाण्याला ५०० ऐवजी ४०० वॅटच मिळतात, आणि उकळण्याची ३८ मिनिटं ताणून ४७ मिनिटं होतात. भांडं जितकं गरम, तितकं निसटणं जास्त. म्हणून खऱ्या प्रयोगात पाण्याची रेषा सरळ राहत नाही. ऐंशी-नव्वद अंशांच्या पुढे ती खाली झुकू लागते. हा बाक दिसला की समजावं की आच स्थिर असली तरी पाण्याला पोचणारी उष्णता स्थिर नाही. आच इतकी मंद असेल, की निसटणं आणि मिळणं सारखं होईल, तर पाणी तिथेच थबकतं आणि उकळी कधीच येत नाही. तीही आडवी रेषाच असते, पण ती अवस्था बदलल्याची नसते. ती ९० अंशांवर येऊ शकते, ७० वरही येऊ शकते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर आच थोडी वाढवून बघावी. निसटण्यामुळे थबकलेला पारा पुन्हा चढू लागतो. उकळत्या पाण्यातला पारा चढत नाही, फक्त पाणी लवकर आटतं.

या शेवटच्या वाक्याचा उपयोग रोज होतो. डाळ किंवा बटाटे उघड्या भांड्यात शिजत असताना एकदा उकळी फुटली, की गॅस मोठा ठेवून शिजणं वेगाने होत नाही. पाणी शंभर अंशांवरच राहतं, आणि जास्तीचा गॅस नुसती वाफ करण्यात जातो. उकळी टिकेल एवढी मंद आच ठेवली, तरी शिजायला तेवढाच वेळ लागतो. महाबळेश्वरसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. आच कितीही वाढवली तरी ते त्याच्या वर जात नाही. तिथे डाळ लवकर शिजवायची असेल, तर आच नव्हे, दाब वाढवावा लागतो, आणि ते काम कुकर करतो.

वाफेच्या भाजण्याचाही खुलासा याच आकड्यात आहे. एक ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून शरीराच्या ३७ अंशांपर्यंत निवतं, तेव्हा ते सुमारे २६५ ज्यूल देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना २,२६० ज्यूल देते आणि मग निवताना ते २६५. दोघांचं तापमान शंभरच, पण देणं साडेनऊपट. इडलीपात्राचं किंवा मोदकपात्राचं झाकण उघडताना ते आपल्या विरुद्ध बाजूने तिरकं उचलायचं, ते म्हणूनच. आलेखावर ३८ मिनिटं जे आत गेलं, ते हातावर क्षणात बाहेर येतं.

शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती आहे. शाळेच्या फळ्यावर हा आलेख बहुधा पाच साधारण सारख्या तुकड्यांत काढला जातो. आकार कळतो, पण मुख्य गोष्ट हरवते. एकदा मुलांना तो आलेख कागदावर प्रमाणात काढायला सांगा. एक सेंटीमीटर म्हणजे तीन मिनिटं असं धरलं, तर बर्फ तापण्याचा तुकडा जेमतेम दोन मिलिमीटरचा येईल, वितळण्याचा १९ मिलिमीटरचा, पाणी तापण्याचा २३ मिलिमीटरचा, उकळण्याचा १२६ मिलिमीटरचा, आणि वाफेचा पुन्हा दोनच मिलिमीटरचा. स्वतःच्या पट्टीने साडेबारा सेंटीमीटरची आडवी रेघ ओढलेला विद्यार्थी पुढे उष्णता आणि तापमान यांची गल्लत करणार नाही.